'राहून गेलं' ते 'मी खोटं बोलले': एका मेसेजला लागलेले सहा दिवस

२०२५ च्या जानेवारीत मी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला माफीचा मेसेज पाठवला आणि तो चुकला. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवायला मला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत काय काय झालं ते तारखांसकट लिहिते आहे. अशा वेळी माणूस रात्री अकरा वाजता फोन हातात धरून बसलेला असतो आणि काय लिहावं ते सुचत नसतं, हे मला आता चांगलं माहीत आहे. मैत्रिणीची आणि काकूंची परवानगी घेतली आहे. नावं मात्र कुणाचीच घालत नाही.

मैत्रीण बंगळूरला असते, मी सांगलीत. तिची आई, म्हणजे काकू, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात. वय ७६, दोन्ही गुडघे दुखरे. काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते, ते गेल्यापासून काकूंना फॅमिली पेन्शन मिळतं. त्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला तर पुढचं पेन्शन थांबतं. दाखला दिला की पुन्हा सुरू होतं आणि थकलेलं पेन्शनही मिळतं, पण मधल्या काळात खातं कोरडं.

२०२४ च्या दिवाळीत मैत्रीण आली होती. भाऊबीजेच्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, आम्ही तिघींनी बसून फॉर्म भरला. काकूंना बँकेत रांगेत उभं करायचं नव्हतं. अधिकृत अधिकाऱ्याने पेन्शनरला समक्ष पाहून फॉर्मवर सही केली तर पेन्शनरने स्वतः बँकेत जायची गरज नसते, म्हणून आमच्याच बिल्डिंगमधल्या एका गॅझेटेड अधिकाऱ्यांना मी काकूंकडे घेऊन जायचं, सही-शिक्का घ्यायचा आणि पाकीट बँकेत देऊन पोच आणायची, असं ठरलं. "तू आहेस म्हणून मी सुट्टी वाढवत नाही," असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी गेली.

९ तारखेला सही झाली. खाकी पाकीट मी स्कूटरच्या डिकीत रेनकोटखाली ठेवलं. बँक माझ्या ऑफिसच्या वाटेवरच आहे.

२७ नोव्हेंबरला दुपारी तिचा मेसेज आला, "आईचा दाखला दिलास ना?" मी लिहिलं, "हो, दिला गं बँकेत." पुढे अंगठ्याचं चित्र. त्या क्षणी माझ्या मनात होतं की संध्याकाळी जाताना देतेच आहे, मग आत्ता "नाही" कशाला म्हणा. संध्याकाळी गेले नाही. ३० तारखेला शनिवारी बँक चालू होती, पण मी कोल्हापूरला लग्नात होते. रविवारी १ डिसेंबरला रेनकोट काढताना पाकीट दिसलं. मुदत संपलेली होती. मी ते पुन्हा रेनकोटखाली ठेवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण खरी गोष्ट इथेच आहे आणि माझ्या पहिल्या माफीत ती कुठेच नव्हती.

३ जानेवारीला, शुक्रवारी, दुपारी तिचा मेसेज आला. त्यात एक शब्दही नव्हता. माझ्याच २७ नोव्हेंबरच्या "हो, दिला गं बँकेत" या ओळीचा स्क्रीनशॉट होता, खाली तो पिवळा अंगठा. काकू त्या सकाळी रिक्षा करून बँकेत गेल्या होत्या आणि पासबुक छापून घेतल्यावर त्यांना कळलं होतं की डिसेंबरचं पेन्शन जमाच झालेलं नाही.

दहा मिनिटांच्या आत मी हे पाठवलं:

"अगं खरंच खूप सॉरी! नोव्हेंबरात ऑफिसमध्ये ऑडिट चालू होतं, त्यात मुलाला ताप, मग कोल्हापूरचं लग्न. त्या सगळ्या गडबडीत राहूनच गेलं गं. मला वाटलं दुसऱ्या दिवशी जाऊन देऊ. काकूंना त्रास झाला असेल तर माफ कर. तू समजून घेशील मला माहितीये. उद्याच्या उद्या करते."

शेवटी हात जोडल्याची दोन चित्रं. तिचं उत्तर चार मिनिटांनी आलं. "ठीक आहे." पूर्णविरामासकट. एकोणतीस वर्षांच्या मैत्रीत तिने मला कधी पूर्णविराम दिला नव्हता.

त्या रात्री मी तो मेसेज पन्नास वेळा वाचला असेन. पहिला विचार आला तो पुसून टाकण्याचा. तो करू नये. सगळ्यांसाठी पुसला तरी तिथे 'मेसेज पुसला' अशी खूण राहते आणि तिने तर तो आधीच वाचलेला होता. बदलायची सोयही पहिली पंधरा मिनिटंच असते. म्हणजे जे गेलं ते गेलं, आता जे लिहायचं ते नव्याने. दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी तिच्याच चॅटमध्ये लिहून खोडत होते, म्हणजे तिने चॅट उघडं ठेवलं असतं तर तिला तासभर 'टायपिंग' दिसत राहिलं असतं. त्यानंतरचे सगळे कच्चे मसुदे मी माझ्या स्वतःच्याच नंबरच्या चॅटमध्ये लिहिले.

४ तारखेला शनिवारी मी ते पाकीट घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी तारीख पाहिली आणि नवा दाखला लागेल असं सांगितलं. मग सहज म्हणाल्या, "अहो, २ डिसेंबरला आणला असतात तरी चाललं असतं. पेन्शन महिनाअखेरीला पडतं." मी बाहेर येऊन स्कूटरवर बसून राहिले. म्हणजे मी १ तारखेला पाकीट परत ठेवण्याऐवजी मैत्रिणीला एक फोन केला असता तर काहीच बिघडलं नसतं. विसरण्याने नुकसान झालं नव्हतं, लपवण्याने झालं होतं.

त्या संध्याकाळी मी मिरजेला आत्याकडे गेले. आत्या हायस्कुलात मराठी शिकवायची, आता निवृत्त आहे. मैत्रिणीचा एकही मेसेज मी तिला दाखवला नाही, ते मला बरोबर वाटलं नाही. फक्त माझा मेसेज वाचून दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाली, "यात कर्ता कुठे आहे?"

मला कळलं नाही. ती म्हणाली, "राहून गेलं. कुणाकडून? त्रास झाला. कुणी दिला? आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे बघ. दूध उतू गेलं, कप फुटला, चूक झाली, विसरायला झालं. माणूस वाक्यातून हळूच निघून जातो आणि वाक्य तरी पूर्ण होतं. तुझ्या मेसेजात ऑडिट आहे, ताप आहे, लग्न आहे. तू कुठे आहेस?"

मग तिने मला कागद-पेन दिलं आणि मेसेजातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून त्याचा कर्ता शेजारी लिहायला लावला. 'चालू होतं', कर्ता ऑडिट. 'राहून गेलं', कर्ता नाही. 'मला वाटलं', इथे मी आहे, पण वाटण्यापुरती. 'त्रास झाला असेल तर', कर्ता नाही, वर 'असेल तर'. काकू बँकेत उभ्या राहिल्या हे मला तेव्हा कळलेलं होतं, मग 'असेल' कसलं? 'समजून घेशील', इथे कर्ता ती. एवढ्या मेसेजात मी स्वतःहून केलेली एकच गोष्ट होती, 'उद्याच्या उद्या करते', आणि तीही भविष्यातली. 'माफ कर' आणि 'समजून घेशील' ही दोन्ही कामं मी तिच्यावर टाकली होती.

मी म्हटलं, "पण ताप खरा होता गं, आत्या. ऑडिटही खरं होतं."

"असू दे की. खरं कारणही पळवाट होतं, जागा चुकली की. ती विचारेल तेव्हा सांग. न विचारता सांगितलंस की ती कारणं तुझ्या बाजूने साक्षीला उभी राहतात."

हे मला पटायला वेळ लागला. अजूनही मला वाटतं की काही वेळा कारण सांगावं लागतं, समोरच्याला धक्का बसलेला असेल आणि 'असं का केलंस' हा प्रश्न त्याला छळत असेल तेव्हा. पण माझ्या बाबतीत आत्या बरोबर होती. ती तीन कारणं पाकीट का दिलं नाही याची होती. "दिला गं" असं का लिहिलं, याचं कारण त्या तिघांतलं एकही नव्हतं.

रविवारी ५ तारखेला मी दुसरा मसुदा लिहिला. त्यात कारणं नव्हती, पण तो भयंकर लांब झाला. मी किती वाईट मैत्रीण आहे, मला दोन रात्री झोप नाही, स्वतःची लाज वाटते, तू मला कधीच माफ केलं नाहीस तरी मी समजू शकते, असं बरंच काही. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणून मला वाटलं की हा खरा उतरला. आत्याला फोनवर वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे वाचून तिने काय करायचं? तुला जवळ घ्यायचं?"

ते खरंच होतं. असा मेसेज आला की समोरच्याला "अगं, नको एवढं मनाला लावून घेऊ" असं लिहिणं भाग पडतं. दुखावलेली ती, आणि समजूत काढायची माझी. मी तो मसुदा ठेवून दिला. लिहून झाल्यामुळे रडणं त्यात राहिलं आणि पुढच्या मसुद्यात आलं नाही, एवढा त्याचा उपयोग झाला.

सोमवारी ६ तारखेला दाखल्याचं काम केलं. पोस्टमन घरी येऊन डिजिटल हयातीचा दाखला करून देतात, ७० रुपये घेतात. आधार, पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ नंबर, बँक खात्याचा नंबर आणि मोबाइल लागतो. मी काकूंकडे अकरा वाजता जाऊन बसले. पोस्टमनदादांनी बोटाचं यंत्र पुढे केलं. काकूंचा अंगठा दोनदा उमटला नाही. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसट झालेल्या. त्यांनी पदराने बोट कोरडं केलं, मग डाव्या हाताची तर्जनी लावली आणि तिसऱ्या वेळी हिरवी खूण आली. मोबाइलवर दाखल्याच्या नंबराचा, म्हणजे प्रमाण आयडीचा, मेसेज आला. सगळं मिळून वीस मिनिटं. वीस मिनिटांच्या कामासाठी मी काय करून ठेवलं होतं.

पोस्टमनदादा गेल्यावर मी काकूंना म्हटलं, "काकू, मी पाकीट दिलंच नव्हतं. आणि दिलं म्हणून सांगितलं." त्यांना ते माहीत होतं, पण मी सांगेपर्यंत त्या थांबल्या होत्या असं मला वाटलं. मग त्यांनी शुक्रवारी बँकेत काय झालं ते सांगितलं. काउंटरवर त्यांना दाखला आलेला नाही असं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आलाय, आमच्या मुलीच्या मैत्रिणीने स्वतः दिलाय. पुन्हा पाहायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर आतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आजी, उगाच खोटं बोलू नका, इथे नोंदच नाही." रांगेत दहा-बारा माणसं होती. "मला पैशाचं काही नाही गं," काकू म्हणाल्या, "पण मी जन्मात कधी कुणाला खोटं सांगितलं नाही."

खोटं मी बोलले होते आणि ऐकून घेतलं होतं त्यांनी.

मी विचारलं, "हे मी तिला लिहू का?" त्या म्हणाल्या, "लिही. मी तिला अर्धंच सांगितलंय." हे विचारणं गरजेचं होतं. तिसऱ्या माणसाचं दुःख आपल्या माफीत न विचारता वापरायचं नसतं.

त्यानंतर मसुदा सोपा झाला, कारण आता मला नक्की कशाची माफी मागायची ते माहीत होतं. मंगळवार-बुधवार शब्दांवर गेले. 'सॉरी' काढला. तो पायावर पाय पडला तरी म्हणतो आपण. 'क्षमस्व' हा तर पाणी येणार नसल्याच्या सूचनेवरचा शब्द. 'माझ्याकडून चूक झाली' आणि 'मी चुकले' ही दोन वाक्यं शेजारी लिहून मोठ्याने वाचली आणि दुसरं ठेवलं. सुरुवातीचं 'अगं' ठेवलं, कारण तिला मी तशीच हाक मारते. पण वाक्यांच्या शेवटचे सगळे 'गं' काढले. तो 'गं' लाडीगोडी करतो, असं मला वाचताना जाणवलं. 'माफ कर' काढलं. 'यापुढे असं कधीच होणार नाही' हेही काढलं, त्याला काही अर्थ नव्हता. त्याजागी तिला तपासून पाहता येईल असं एक वाक्य घातलं. 'पण' हा शब्द शोधला. एकच सापडला, 'काम उशिरा झालं, पण झालं' या वाक्यात. सगळं वाक्यच उडवलं.

एक मोह मात्र बुधवारी झाला. १४ तारखेला संक्रांत होती. वाटलं, तोवर थांबावं आणि तिळगुळाच्या शुभेच्छांबरोबर दोन ओळी लिहाव्यात, वातावरण आपोआप हलकं होईल. मग लक्षात आलं की 'गोड बोला' असं म्हणून मी तिलाच गोड बोलायला लावणार होते.

गुरुवारी ९ जानेवारीला रात्री साडेआठला, तिचं ऑफिस आणि मुलांची जेवणं उरकल्यावर, हे पाठवलं:

"अगं, २७ नोव्हेंबरला तू विचारलंस तेव्हा मी 'दिला बँकेत' असं लिहिलं. ते खोटं होतं. पाकीट माझ्या डिकीत होतं. १ डिसेंबरला ते मला दिसलं, तरी मी तुला सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर पेन्शन थांबलं नसतं. तू माझ्या शब्दावर विसंबलीस आणि काकू माझ्या शब्दावर बँकेत ठाम राहिल्या. त्यांना चारचौघांत 'खोटं बोलू नका' हे ऐकावं लागलं. ते मला ऐकायला हवं होतं. मी चुकले. शुक्रवारी मी जी कारणं लिहिली ती लिहायला नको होती. नवा दाखला सोमवारी झाला, प्रमाण आयडी काकूंच्या मोबाइलवर आहे. पेन्शन जमा झालं की पासबुकाचा फोटो पाठवते. यापुढे काम झालं नसेल तर मी 'नाही झालं' असंच लिहीन. याला उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

पाठवण्याआधी आत्याला वाचून दाखवला नाही. तो आता आमच्या दोघींमधला होता.

दोन निळ्या खुणा नऊ वाजून पाच मिनिटांनी आल्या. उत्तर आलं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं खरं, पण ते पाळणं फार जड गेलं. "वाचलास ना?" असं मी तीनदा लिहून खोडलं, माझ्याच चॅटमध्ये. त्या तीन दिवसांत मी कामाशिवाय फोन दुसऱ्या खोलीत ठेवत होते. कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, की मेसेज पाठवल्यावर लगेच दुसरा पाठवू नका. दुसरा मेसेज आपल्याला धीर यावा म्हणून असतो.

रविवारी १२ तारखेला सकाळी तिने लिहिलं, "वाचलं. दाखला राहिला त्याचं मला एवढं लागलं नव्हतं. झालं म्हणालीस त्याचं लागलं. पहिल्या मेसेजमध्ये तू त्यावर अक्षर लिहिलं नव्हतंस. आईचं बँकेतलं मला माहीत नव्हतं. मला अजून फोनवर बोलायचं नाहीये."

मी उत्तर दिलं, "बरं." एवढंच.

जानेवारीअखेरीला डिसेंबर आणि जानेवारी, दोन्ही महिन्यांचं पेन्शन एकदम जमा झालं. मी काकूंबरोबर बँकेत गेले. काउंटरवर मी सांगितलं की दाखला दिल्याचं यांना मी सांगितलं होतं आणि ते चुकीचं होतं, आजी खोटं बोलत नव्हत्या. त्या बाईंनी मान वर करून काकूंकडे पाहिलं आणि "बसा ना आजी" म्हणाल्या. काकू बसल्या नाहीत. पासबुक छापून येईपर्यंत काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ उभ्या राहिल्या. मी पानाचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. मजकुरात फक्त दोन तारखा आणि दोन रकमा. तिने "मिळाला" असं लिहिलं.

फोन आला तो फेब्रुवारीच्या मध्यावर. मेसेजबद्दल ती काही बोलली नाही, मीही काढलं नाही. तिने काकूंच्या गुडघ्याच्या एक्स-रेबद्दल विचारलं, मुलाबद्दल विचारलं. आधीसारखं तासभर नव्हे, अकरा मिनिटं बोललो.

मार्चमध्ये घरपट्टी भरायची होती. काकूंना मोबाइलवरून जमत नाही आणि तिने भरायची तर जुनी पावती काकूंच्या कपाटात. तिने मला लिहिलं, "आईची घरपट्टी भरशील का? पैसे पाठवते. भरलीस की पावतीचा फोटो टाक."

आधी तिने पावती कधी मागितली नसती. मी ऑफिसला जाताना वाट वाकडी करून भरणा केंद्रात गेले, रांगेत पस्तीस मिनिटं लागली. खिडकीतून पावती हातात आली तशी तिथेच बाजूला उभी राहून फोटो काढला. पहिला हलला होता. शिक्का आणि तारीख नीट वाचता येईल असा दुसरा काढला आणि तो पाठवला.